मेलेली क्वेस्ट, जिवंत ओळ

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट क्लासिकमध्ये वेस्टफॉल नावाचा उजाड शेतांचा मुलूख आहे. तिथे सेंटिनेल हिलच्या बुरुजात डिफायस टोळीचा एक फितूर माणूस भेटतो. ‘द डिफायस ब्रदरहूड’ ही क्वेस्ट घेतली की त्याला मूनब्रुकपर्यंत जिवंत न्यायचं. वाटेत त्याचेच जुने साथीदार झडप घालतात. तुम्ही एकटे असलात आणि दोन-तीन जण एकदम अंगावर आले, तर फितूर मरतो आणि क्वेस्ट फसते.

इथपर्यंत सगळं ठीक. हरणं हा खेळाचाच भाग आहे. पण क्वेस्ट फसल्यावर लॉगमधली तिची ओळ जात नाही. ती शेजारी Failed लिहून तिथेच बसून राहते. क्लासिकच्या लॉगमध्ये जागा असतात 20, आणि त्यातली एक या मेलेल्या क्वेस्टनं अडवलेली असते. ती स्वतः निवडायची, Abandon Quest दाबायचं, होकार द्यायचा, बुरुजापर्यंत परत जायचं, फितूर पुन्हा उभा राहीपर्यंत थांबायचं आणि क्वेस्ट नव्यानं घ्यायची.

मला हे पटतं. खेळाडूला क्वेस्ट कधी फसली हे लढाईच्या धुमश्चक्रीत दिसलेलं नसतं. ओळ आपोआप उडाली असती, तर ‘माझी क्वेस्ट गेली कुठे?’ म्हणून तो शोधत बसला असता. फसलेलं फसलेलं म्हणून दिसावं आणि टाकायचं की नाही ते खेळाडूनं ठरवावं, हे बरोबरच आहे. माझं भांडण त्याच्या पुढच्या पायरीशी आहे. खेळाडूनं क्वेस्ट टाकली, तरी ओळ हटत नाही. किंवा ती हटते आणि बाकीच्या ओळी भलत्याच क्रमानं उभ्या राहतात. हा दोष क्वेस्ट दाखवणाऱ्या ॲडऑनमध्ये येतो आणि हौशी मंडळींनी बनवलेल्या छोट्या गेममध्येही येतो. दर वेळी कारण जवळजवळ तेच असतं: यादीतली जागा हीच क्वेस्टची ओळख मानलेली असते.

आता हे जवळून बघू. वॉरक्राफ्टचे ॲडऑन लुआ भाषेत लिहितात, म्हणून उदाहरणही लुआतलंच घेतो. यादीत पाच क्वेस्ट आहेत आणि दुसरी व तिसरी एकदम फसल्या आहेत. साफसफाईचा कोड बहुतेक जण असा लिहितात:

```lua
for i = 1, #list do
  if list[i].failed then
    table.remove(list, i)
  end
end
redraw()
```

दिसायला निर्दोष आहे. चालवून बघा. i दोनवर आला, दुसरी क्वेस्ट निघाली. ती निघताच तिसरी सरकून दुसऱ्या जागी आली, चौथी तिसऱ्या जागी. पण i आता तीनवर गेला. तिथे पूर्वीची चौथी आहे आणि ती धडधाकट आहे. सरकलेल्या तिसरीकडे कोणी पाहिलंच नाही. ती मेलेली असून यादीत राहिली.

गोष्ट इथे संपत नाही. लुआमध्ये for ची शेवटची मर्यादा सुरुवातीला एकदाच मोजली जाते, म्हणून i पाचपर्यंत जाणारच. यादीत मात्र आता चारच क्वेस्ट उरल्या आहेत. पाचव्या जागी nil आहे आणि nil ला failed विचारलं की कोड तिथेच कोसळतो. खालची redraw() ची ओळ कधी चालतच नाही. वॉरक्राफ्टमध्ये लुआच्या चुका मुळात पडद्यावर दाखवत नाहीत, त्यासाठी `/console scriptErrors 1` टाकून ठेवावं लागतं. ते न केलेल्या खेळाडूला काहीच कळत नाही. त्याच्या पडद्यावर अजून जुन्याच पाच ओळी आहेत, आणि आत चार.

आता तो पडद्यावरच्या तिसऱ्या ओळीवर, म्हणजे फसलेल्या क्वेस्टवर, बोट ठेवतो आणि ‘टाका’ म्हणतो. प्रोग्रॅम आतल्या यादीतली तिसरी क्वेस्ट उचलतो. ती पूर्वीची चौथी, म्हणजे चालू असलेली. होकार विचारणारी खिडकी क्वेस्टचं नाव दाखवत असेल तर खेळाडू वाचला. नुसतं ‘नक्की?’ विचारत असेल, तर तासाभराची मेहनत गेली. शिळी ओळ ही केवळ दिसण्यातली कुचराई आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी हा प्रसंग लक्षात ठेवावा.

यावर पुढचा दोष आणते ती घाईची दुरुस्ती. कोसळतंय ना, मग `if list[i] and list[i].failed` असं लिहा, काम झालं! कोसळणं थांबतं, redraw() चालतं, ओळी चार दिसतात. त्यातली एक अजून मेलेली असते. पुढच्या वेळी साफसफाई चालली की तीही जाते. म्हणून खेळाडू तक्रार करतो, बनवणारा उघडून बघतो, तोवर यादी स्वच्छ झालेली असते. ‘आमच्याकडे असं होत नाही’ असं उत्तर मिळतं आणि तक्रार बंद होते. एकच क्वेस्ट फसली तर हा दोष दिसत नाही. फसलेल्या दोन क्वेस्ट शेजारी-शेजारी असाव्या लागतात. तपासणाऱ्यानं एकच फसवून बघितली, तर त्याचा दिवस वाया गेला म्हणून समजा.

खरी दुरुस्ती एका ओळीची आहे. शेवटून सुरुवातीकडे या:

```lua
for i = #list, 1, -1 do
```

शेवटून येताना जे सरकतं ते आधीच बघून झालेलं असतं. पण मी म्हणेन, इथेही थांबू नका. पडद्यावरच्या ओळीला तिच्या क्वेस्टचा कायमचा क्रमांक चिकटवा आणि ‘टाका’ म्हटल्यावर त्या क्रमांकानं क्वेस्ट शोधा. वॉरक्राफ्टमध्ये प्रत्येक क्वेस्टला questID असतो. लॉगमधली जागा दर फेरफाराला बदलते, questID बदलत नाही.

मात्र questID वापरला की सुटलो, असंही नाही. फितुराकडे परत या. क्वेस्ट फसली, खेळाडूनं टाकली, बुरुजात जाऊन पुन्हा घेतली. क्वेस्ट तीच, म्हणून questID ही तोच. ॲडऑननं आपल्या साठ्यात त्या क्रमांकाखाली ‘फसली’ असं लिहून ठेवलं असेल आणि टाकताना ते पुसलं नसेल, तर नव्यानं घेतलेली क्वेस्ट पहिल्या क्षणापासून लाल रंगात Failed दिसते. ‘कधी घेतली’ यावर यादी लावली असेल, तर ती नवी असूनही जुन्या वेळेच्या जागी जाऊन बसते. क्रम चुकला म्हणून लोक सॉर्टिंगचा कोड उसवत बसतात. दोष तिथे नसतोच. सातबाऱ्यावर गेलेल्या माणसाचं नाव राहावं आणि पुढचा प्रत्येक व्यवहार त्यावर अडावा, तसं हे आहे.

हा साठा ॲडऑनच्या SavedVariables मध्ये असतो आणि खेळाडू बाहेर पडताना किंवा /reload करताना डिस्कवर उतरतो. म्हणजे आज न पुसलेलं उद्याही हजर. यावर उपाय म्हणून लोक सुरुवातीलाच गेमचा लॉग वाचतात आणि त्यात नसलेली प्रत्येक नोंद साठ्यातून उडवतात. विचार चांगला आहे, पण क्लासिकमध्ये त्यात एक खड्डा आहे. लॉगमध्ये क्वेस्ट प्रदेशांच्या मथळ्यांखाली असतात आणि मथळा मिटवता येतो. खेळाडूनं वेस्टफॉलचा मथळा मिटवलेला असेल, तर जागेनुसार लॉग वाचणाऱ्या कोडला त्याखालच्या क्वेस्ट दिसतच नाहीत. साफसफाई त्यांना मेलेल्या समजते आणि जिवंत नोंदी उडवते. शिळी ओळ राहण्यापेक्षा हे वाईट. `GetNumQuestLogEntries()` दोन आकडे देतं, दिसणाऱ्या ओळींचा आणि एकूण क्वेस्टचा. आपण प्रत्यक्ष पाहिलेल्या क्वेस्ट दुसऱ्या आकड्यापेक्षा कमी भरल्या, तर त्या फेरीत काहीही उडवू नये. एवढी एक तुलना पुरते.

खऱ्या अर्थानं क्रमाचा म्हणावा असा दोष एकच, आणि तो लुआच्या table.sort चा स्वभाव आहे. दोन क्वेस्टची पातळी सारखी असेल तर त्यांचा आपसातला आधीचा क्रम टिकेल याची हमी ते देत नाही. मधली एखादी क्वेस्ट टाकली की पुन्हा सॉर्ट होतं आणि ज्यांचा काही संबंध नाही अशा दोन ओळी जागा बदलतात. खेळाडूला वाटतं, टाकलेल्या क्वेस्टनं यादी विसकटली. तुलनेत `<` च्या जागी `<=` लिहून हे सुटत नाही. उलट लुआ invalid order function म्हणत ओरडू शकतं. पातळी सारखी असेल तर questID नं निवाडा करा. मग यादी कितीदाही लावली तरी तशीच राहते.

आणि फसलेली क्वेस्ट यादीत कुठे दाखवायची? काही जण तिला उचलून सगळ्यात वर ठेवतात, काही सगळ्यात खाली. माझ्या मते दोन्ही चूक. खेळाडूच्या नजरेला ओळीची जागा सवयीची झालेली असते. फसल्यावर ती ओळ तिथेच राहावी, रंग बदलावा, आणि शक्य असेल तर का फसली ते एका वाक्यात लिहावं. ‘फितूर मारला गेला’ इतकंही चालेल. हटवायची ती फक्त खेळाडूनं टाकल्यावर, आणि तेव्हा साठ्यातून, पडद्यावरून आणि क्रमातून एकाच फटक्यात.

तुमचा ॲडऑन किंवा गेम या दोषापासून मोकळा आहे का, हे तपासायला फार वेळ लागत नाही. एकाच पातळीच्या चार-पाच क्वेस्ट घ्या. यादीत लागून असलेल्या दोन फसवा. दोन्ही टाका, पण वरची आधी. उरलेल्या ओळींवर एकेक क्लिक करून उघडणारा मजकूर त्याच क्वेस्टचा आहे ना, हे वाचून बघा, नुसतं नाव बघू नका. मग टाकलेल्यांपैकी एक पुन्हा घ्या आणि ती कोऱ्या अवस्थेत येते का ते पाहा. एखादा मथळा मिटवा, बाहेर पडा, परत या, मथळा उघडा आणि पुन्हा मोजा.