कारण एकच लिहा

तलासरीत नाक्याजवळ झेरॉक्सच्या दुकानाबाहेर एक बाकडं आहे. त्याच्या डाव्या टोकाला गुरुजी बसतात, उजवं टोक अर्जदाराचं. मधल्या जागेत पॅड, पॅडखाली कोरे ताव आणि गुरुजींच्या खिशाला लाल पेन. निवृत्तीच्या दिवशी शाळेने त्यांना शाल-श्रीफळ दिलं आणि खुर्ची ठेवून घेतली. लाल पेन परत मागायचं मात्र राहून गेलं.

गुरुजी अर्ज लिहून देत नाहीत, तपासतात. हा फरक ते प्रत्येक नवख्याला आधी समजावतात. "लिहून देणारे कचेरीबाहेर बसतात. त्यांना पानामागे पैसे मिळतात, म्हणून त्यांचा अर्ज पसरतो. मला काही मिळत नाही, म्हणून माझा आटतो." मिळत नाही हेही तितकंसं खरं नाही. अर्जामागे एक चहा येतो आणि चहा संपेपर्यंत अर्जदाराला उठता येत नाही.

त्यांच्याकडे सगळ्यात जास्त अर्ज येतात ते पालकांनी शाळेत द्यायचे, रजेचे. त्यावर ते तीन फेऱ्या मारतात. पहिल्या फेरीत लांबी, दुसरीत नम्रता, तिसरीत कारण. तिसऱ्या फेरीत बहुतेक जण नापास होतात. मीही झालो होतो.

मी डहाणूचा, नोकरी तलासरीला. भाचीच्या साखरपुड्यासाठी मुलाची दोन दिवसांची रजा हवी होती. अर्ज मी रात्री जागून लिहिला होता, अकरा ओळींचा. "उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की" इथूनच त्याला सुरुवात होत होती. झेरॉक्स काढायला गेलो, तर बाकड्यावरून हात पुढे आला.

"बघू."

गुरुजींनी वाचलं आणि लाल पेनचं टोपण काढलं. पहिली ओळ गेली. "विषय वर लिहिलाय ना? मग परत 'विषयास अनुसरून' कशाला? मुख्याध्यापक काय वाटेत विसरतात?" मग त्यांनी बोटांवर मोजलं. "नम्र तीनदा, कृपया दोनदा, कृपावंत होऊन एकदा. अहो, दोन दिवसांची रजा मागताय की मुलगी? विनंती एकदाच करायची. दुसऱ्यांदा केली की समोरच्याला वाटतं, हा उसने पैसे मागणार."

"पण नम्रपणा हवा ना, गुरुजी?"

"हवाच. पण तो क्रियापदात हवा." त्यांनी माझं 'रजा देण्यात यावी' खोडलं. "हा हुकूम झाला. शासन असं लिहितं. तुम्ही 'रजा मंजूर करावी, ही विनंती' असं लिहा, झाला नम्रपणा. आणि शेवटी हे 'लोभ असावा' कशाला? मुख्याध्यापकांचा लोभ घेऊन काय करणार? 'आपला विश्वासू' पुरे."

मग ते कारणाशी आले आणि थांबले. मी लिहिलं होतं, "काही अपरिहार्य घरगुती कारणास्तव."

गुरुजींनी आवाज खाली आणला. "कोण गेलं?"

"कोणी नाही. भाचीचा साखरपुडा आहे."

"मग साखरपुडा लिहा की! 'घरगुती कारण' वाचलं की वाचणाऱ्याला दोनच गोष्टी दिसतात, भांडण किंवा कोर्ट. उद्या बाई पोराला जवळ घेऊन विचारतील, घरी सगळं ठीक आहे ना रे?"

अकरा ओळींच्या चार झाल्या. मुलाचं नाव, इयत्ता आणि तुकडी, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, भाचीचा साखरपुडा, बुडालेला अभ्यास घरी पूर्ण करून घेऊ. शेवटचं वाक्य गुरुजींनी स्वतः घातलं. त्यांच्या पेनातून अर्जात भर पडते ती एवढीच. "कारण वाचून मुख्याध्यापकांना पुढचा प्रश्न पडतो तो अभ्यासाचा. तो त्यांनी विचारायच्या आत उत्तर द्यावं. खरी नम्रता ती."

बायको म्हणाली, "एवढाच?" शाळेत मुख्याध्यापकांनी उभ्या उभ्या वाचला, सही केली आणि मला बसासुद्धा म्हटलं नाही. पूर्वीच्या अर्जांना बसून चहा व्हायचा, कारण त्यात काय म्हटलंय हे मला तोंडी सांगावं लागायचं.

गुरुजींचा खरा हंगाम चैत्रात. चैत्र पौर्णिमेला डहाणू तालुक्यात विवळवेढ्याला महालक्ष्मीची यात्रा सुरू होते आणि पंधरा दिवस चालते. पाळणे, सुकी मासळी, बांगड्या, मडकी आणि माणसांचा पूर. नेमके तेच दिवस परीक्षांचे. त्या पंधरवड्यात बाकड्यावर येणाऱ्या अर्जांत तापाची साथ पसरते. त्यातला एक संवाद मी शेजारी बसून ऐकला आहे.

"मुलाला ताप कधी येणार?"

"बुधवारी, गुरुजी."

"आणि उतरणार?"

"शुक्रवारी. संध्याकाळच्या एसटीनं."

गुरुजींनी पेन खाली ठेवलं. "येणाऱ्या तापाची तारीख आधी सांगणारा डॉक्टर मला अजून भेटलेला नाही. पोरगं आश्रमशाळेत राहतं ना? मग ताप लिहिलात की त्याला घरी सोडायच्या आधी आरोग्य केंद्रात नेतील. तिथे तो ठणठणीत निघेल. आणि पावसाळ्यात खरोखरचा ताप येईल, तेव्हा सगळे म्हणतील, याला यात्रेचा आलाय." त्यांनी 'ताप' खोडून 'महालक्ष्मीच्या यात्रेला कुटुंबासह जायचे आहे' असं लिहवून घेतलं. माणूस घाबरला. गुरुजी म्हणाले, "घाबरू नका. तुमचे सर कुठे भेटतील सांगू? पाळण्याच्या रांगेत. तिथे तुम्हाला लपावं लागणार नाही."

त्यांचा नियम असा की कारण एकच लिहायचं आणि खरं लिहायचं. दोन कारणं आली की दोन्ही खोटी वाटतात. 'मुलीला ताप आहे व तिच्या मावशीचे लग्न आहे' असा अर्ज एकदा आला होता. गुरुजींनी समासात लाल शाईने विचारलं होतं, 'यातले जास्त काय आहे?'

पण खरं कारण लिहायचा आग्रह ही नुसती गुरुजींची खोड नाही, हे मला दिवाळीनंतरच्या एका सकाळी कळलं. भातकापणी उरकली की या भागातली कितीतरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. त्या दिवशी बाकड्याच्या उजव्या टोकाला चौथीतल्या मुलीचा बाप बसला होता. अर्ज सोबत आलेल्या, मुलीच्या दहावीतल्या भावाने गाइडातून उतरवला होता. पानभर होता. त्यात मुलगी 'लाडकी' होती, शाळा 'नामांकित' होती आणि प्रकृतीच्या कारणास्तव पंधरा दिवसांची रजा मागितली होती.

"पंधरा दिवसांनी परत येणार?"

बाप गप्प.

"कुठल्या भट्टीवर?"

"भिवंडीकडं."

"कधी परत?"

"पाऊस लागायच्या आधी."

गुरुजींनी या खेपेला ओळी खोडल्या नाहीत, ताव उलटा केला. "दादा, सहा महिन्यांची रजा नसते. हे स्थलांतर आहे. पंधरा दिवसांचा ताप लिहिलात, तर सोळाव्या दिवसापासून पोर हजेरीपटावर गैरहजर. तिकडे भट्टीजवळ शाळा असली तरी ती तिथे विटा मोजत बसणार. खरं लिहिलंत तर मुख्याध्यापक शिक्षण हमी कार्ड देतील. ते दाखवून तिला तिथल्या शाळेत बसता येतं. दाखला काढावा लागत नाही, नाव इथलं इथेच राहतं. ताप लिहून कार्ड मिळत नाही, गोळी मिळते."

मग बापाने सांगितलं आणि पोराने लिहिलं. मुलीचं आणि शाळेचं नाव मी गाळतो, बाकी अर्ज असा होता:

प्रति,
मा. मुख्याध्यापक

विषय : स्थलांतरामुळे शिक्षण हमी कार्ड मिळण्याबाबत

महोदय,
माझी मुलगी आपल्या शाळेत इयत्ता 4 थीत शिकते. मी कुटुंबासह 20 नोव्हेंबरपासून मे अखेरपर्यंत भिवंडी तालुक्यात वीटभट्टीवर कामाला जात आहे. मुलगी आमच्यासोबत असेल. तिला तेथील शाळेत बसता यावे म्हणून शिक्षण हमी कार्ड द्यावे, ही विनंती.

आपला विश्वासू

खाली बापाचा अंगठा आणि त्याशेजारी 'निशाणी डाव्या हाताचा अंगठा'. त्याखाली पोराने आपली सही अशी वळणदार ठोकली की गुरुजींनी तिलाही लाल पेन लावलं. "सही मुख्याध्यापकांपेक्षा मोठी नको."

मी म्हटलं, "गुरुजी, यात रजा हा शब्दच राहिला नाही."

"कारण स्पष्ट लिहिलं की कधी कधी विषयच बदलतो," गुरुजी म्हणाले आणि चहाकडे वळले. कार्ड दिलं म्हणजे तिकडची शाळा जवळ असेलच असं नाही, बापाला तिला पाठवायला फुरसत मिळेलच असंही नाही, हे त्यांना ठाऊक होतं. "अर्जाने शाळेचं दार उघडतं," ते एवढंच म्हणाले. "पोरीला तिथवर न्यायला कोणीतरी लागतंच."

गुरुजींचं लाल पेन अडलेलं मी एकदाच पाहिलं. नोव्हेंबर 2018 पासून डहाणू-तलासरीची जमीन हलू लागली होती. धुंदलवाडीच्या आसपास धक्क्यांमागून धक्के. भिंतींना तडे गेले, लोक रात्री अंगणात आणि तंबूत झोपू लागले, वर्ग उघड्यावर भरू लागले. 1 फेब्रुवारी 2019 ला 4.1 चा धक्का बसला, त्यानंतरच्या दिवसांतली ही गोष्ट. एक बाई वहीचं फाडलेलं पान घेऊन आली. त्यावर 'प्रति' नव्हतं, विषय नव्हता, विनंती नव्हती. दोनच ओळी होत्या.

'घर हालते. पोर माझ्याजवळ ठेवते.'

गुरुजींनी पहिली फेरी मारली. खोडायला काही नव्हतं. दुसरी फेरी मारली. नम्रता नव्हती, पण कमीही वाटेना. तिसऱ्या फेरीत कारण एकच होतं आणि खरं होतं. त्यांनी वर 'मा. मुख्याध्यापक' आणि तारीख लिहवून घेतली. मग सवयीने विचारलं, "कधीपासून कधीपर्यंत?"

"आजपासून," बाई म्हणाली. "कधीपर्यंत ते धरतरीला विचारा."

तारखेवाचून अर्ज बाकड्यावरून उठू द्यायचा नाही, हा गुरुजींचा इतक्या वर्षांचा शिरस्ता. त्यांनी 'पासून' लिहवलं, 'पर्यंत'च्या पुढे जागा कोरी सोडली आणि लाल पेनला टोपण लावलं. तेवढ्यात बाकडं हललं. मी गुरुजींकडे पाहिलं, गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. ट्रक होता, हायवेवरचा. गुरुजी तरीही उठले, झेरॉक्सवाल्याला बाहेर बोलावलं आणि त्या दिवशीचा चहा आम्ही रस्त्याच्या कडेला उभ्यानेच घेतला.