सात काठ्या आणि साठ घरं

माननीय मालक,



आपला व्हॉट्सॲप संदेश पोचला. आधी मेहुण्यांचा आवाजी निरोप, मग भाच्याने केलेला नमुना, आणि शेवटी तुमचं वाक्य : ‘घरात सगळ्यांना विचारलं, लोगो चांगला आहे, पण थोडा भरल्यासारखा वाटत नाही.’ गड्ड्याची यात्रा तोंडावर आली असताना संपूर्ण कुटुंबाने एकत्र बसून आमच्या कामात लक्ष घातलं, याचा आम्हाला किती आनंद झाला हे लिहून सांगता येणार नाही.

सुचवलेले बदल असे आहेत. आमच्या लोगोतल्या धोट्याच्या मागे सिद्धेश्वर मंदिर असावं. मंदिरापुढे मानाचे सातही नंदीध्वज असावेत. वर वडिलांचा फेट्यातला फोटो, खाली इंग्रजीत नाव, त्याखाली ‘सोलापुरी चादर’ सगळ्यात ठळक, कडेला तिरंगी पट्टी, तिच्यात अशोकचक्र, आणि हे सगळं सोनेरी, म्हणजे डावीकडे गडद आणि उजवीकडे फिकं होत जाणारं. शिवाय लोगो मोठा हवा. धोटा राहिला तरी चालेल, असंही भाच्याने औदार्याने लिहिलं आहे.

मालक, भावना आम्हाला समजतात. सिद्धरामेश्वरांवर आमचीही श्रद्धा आहे, संक्रांतीला काठ्या निघतात तेव्हा आम्हीही रस्त्याच्या कडेला उभे असतो. अडचण श्रद्धेची नाही, साठ घरांची आहे.

तुमच्या जाड जेकार्ड चादरीत इंचाला चाळीस उभे धागे आहेत. ते दोन थरांत वाटले गेले की एका बाजूला इंचाला वीस उरतात. चादरीच्या कोपऱ्यात लोगोला तुम्ही तीन इंच जागा दिली आहे. म्हणजे तुमच्या डिझाईन मास्तरांच्या ग्राफ कागदावर आडवी साठ घरं. प्रत्येक घर एक तर भरलेलं, नाही तर रिकामं. अर्धं घर नावाची वस्तू मागावर नसते. मोबाईलच्या पडद्यावर जी केसासारखी रेष भाच्याला सुंदर वाटली, ती एका धाग्यापेक्षा बारीक आहे, म्हणून ती विणली जाणार नाही. ती फिकी येईल असं नाही, ती येणारच नाही.

आता या साठ घरांत सात नंदीध्वज बसवून पाहू. प्रत्येकाच्या वाट्याला आठ घरं. दोन घरांची काठी, दोन्ही बाजूंना मोकळी जागा, वर बाशिंग. आमच्याकडच्या पोरीने चिकाटीने काढून पाहिलं. दुरून ते कंपाउंडच्या गजांसारखं दिसतं. मंदिराचं शिखर त्या गजांमागे पायऱ्यापायऱ्यांनी चढतं, कारण तिरकी रेष काढायची म्हणजे एक घर वर, एक घर बाजूला, असंच जावं लागतं. वडिलांच्या चेहऱ्याला बावीस घरं आली. त्यात मिशीला तीन. डोळे काढले तर नाक जातं, नाक ठेवलं तर वडील कोणाचेही वडील वाटतात. आपल्या वडिलांना आपण या अवस्थेत पाच हजार चादरींवर पाठवाल, असं आम्हाला वाटत नाही.

सोनेरी छटेबद्दल. या चादरीत लोगोच्या जागी दोन रंगांचे धागे आहेत : मरून आणि मोतिया. एक वर आला की दुसरा खाली जातो, त्यातूनच नक्षी उमटते. गडदाकडून फिक्याकडे सरकणारा तिसरा, चौथा, पाचवा रंग आणायचा तर तेवढे धागे मागावर असावे लागतात. नसले तर मरून आणि मोतिया घरं मिसळून ठिपके टाकावे लागतात, आणि तीन इंचांत ते ठिपके छटेसारखे न दिसता विणकामातली चूक वाटतात. गिऱ्हाईक चादर हातात घेऊन पहिला प्रश्न विचारेल : सेकंड माल आहे का?

पण खरी गोष्ट याच्या पुढची आहे, आणि ती तुमच्या धंद्यातली असल्यामुळे ती आम्ही तुम्हाला सांगावी हेच थोडं विचित्र आहे. ही चादर दोन्ही बाजूंनी वापरता येते, हे तुम्ही प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगता. दोन थरांचं कापड असल्यामुळे समोर जिथे मरून तिथे मागे मोतिया. म्हणजे मागच्या बाजूला लोगोचे रंग उलटे होतात, आणि आरशात पाहिल्यासारखी डावी-उजवी बाजूही बदलते. मागच्या बाजूने तुमचं इंग्रजी नाव उलटं वाचलं जाईल. वडिलांचा चेहरा काळ्याचा पांढरा आणि पांढऱ्याचा काळा होईल. फोटोची निगेटिव्ह ज्यांनी पाहिली आहे त्यांना पुढचं सांगायला नको. तिरंग्याचं मागे काय होईल ते आम्ही लिहीत नाही. तसंही व्यापारी चिन्हात राष्ट्रध्वज आणि अशोकचक्र वापरायला १९५०चा कायदा सरकारी परवानगीशिवाय मना करतो, त्यामुळे तो विषय तिथेच संपला.

आम्ही धोटा का निवडला, याचं उत्तर याच मागच्या बाजूत आहे. दोन्ही टोकं निमुळती, मधोमध एक धागा. डावीकडून पाहा, उजवीकडून पाहा, मरूनवर मोतिया करा, मोतियावर मरून करा, धोटा धोटाच राहतो. घडी घालताना चादर कशीही ठेवली तरी दुकानाच्या फळीवर तोच आकार समोर येतो. सर्वांत बारीक रेषा दोन घरांची आहे, म्हणून एखादा धागा तुटला तरी चिन्ह बिघडत नाही. तुमचं नाव आम्ही देवनागरीत, चिन्हाच्या खाली, सुटं ठेवलं, म्हणजे मागून नाव उलटं दिसलं तरी चिन्ह ओळखू येतं, आणि त्याला उंचीला चौदा घरं दिली. कारण शिरोरेषेला दोन, वर वेलांटी आणि अनुस्वाराला चार, खाली उकाराला तीन गेल्यावर अक्षराच्या अंगाला फक्त पाच उरतात. भाच्याच्या नमुन्यात नावाला एकूण आठ घरं आहेत. त्यात वेलांटी शिरोरेषेत विरघळते आणि तुमच्या आडनावाचा जो अर्थ होतो तो घरातल्या बायकांसमोर वाचू नये.

‘साधा वाटतो’ हा आक्षेप आम्हाला नवा नाही. स्टेट बँकेचं चिन्ह अहमदाबादच्या एनआयडीतल्या शेखर कामत यांनी केलं आणि १९७१मध्ये ते आलं : एक निळं वर्तुळ, त्यात एक छोटं वर्तुळ आणि खाली जाणारी एक फट. त्या बँकेच्या संचालकांना तुमच्या मेहुण्यांसारखे मेहुणे नसावेत. नाही तर त्या वर्तुळात तिजोरी, शेतकरी, नोटांची थप्पी आणि अध्यक्षांचा फोटो सहज बसला असता. २०१७मध्ये सहयोगी बँका विलीन झाल्या तेव्हा रूप थोडं ताजं केलं, पण ती फट तशीच ठेवली. खेड्यातला माणूस बँकेचं नाव न वाचता पाटी ओळखतो, आणि तुमची चादर तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर करून घरी जाणारा माणूसही पुढच्या वेळी दुकानदाराला ‘ती धोटावाली द्या’ एवढंच म्हणणार आहे. ‘ती मंदिर, सात काठ्या, फेटा आणि तिरंगावाली द्या’ असं कोणी म्हणत नाही. आणि म्हटलंच, तर दुकानदार विचारेल, त्यातली कोणती? मंदिर तर बाजारातल्या कितीतरी चादरींवर आहे.

तीच गोष्ट ‘सोलापुरी चादर’ या अक्षरांची. ती ठळक करा, असा तुमचा आग्रह आहे. पण सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे. ते नाव गावातल्या सगळ्या विणकरांचं आहे, आणि कोणा एकाला ते स्वतःचं चिन्ह म्हणून नोंदवता येत नाही. तुमच्या लोगोत सर्वांत मोठं जे असेल तेच तुमचं एकट्याचं नसेल, तर पैसे खर्चून आपण शेजाऱ्याची जाहिरात करतो. मानांकनाचे अधिकृत वापरकर्ते म्हणून नोंद करा आणि ते शब्द लेबलवर लिहा. आम्ही त्याची जागा सोडलीच आहे.

नक्कल करणाऱ्यांचा त्रास तुम्ही पहिल्याच भेटीत सांगितला होता. दुसरीकडे विणलेली हलकी चादर, वर सोलापूरचं नाव, मंदिराचं चित्र, आणि भाव तुमच्यापेक्षा कमी. म्हणून तर धोटा चोविसाव्या वर्गात, म्हणजे कापड आणि चादरींच्या वर्गात, व्यापारचिन्ह म्हणून नोंदवला. तोही काळ्या-पांढऱ्यात. रंगाची मर्यादा न घालता नोंदलेलं चिन्ह सगळ्या रंगांत संरक्षित असतं, त्यामुळे उद्या मरूनचं हिरवं केलं तरी हक्क जात नाही. पण आकार बदलला की गणित बदलतं. १९९९च्या व्यापारचिन्ह कायद्यात नोंदलेल्या चिन्हात तेवढाच फेरफार करता येतो ज्याने त्याची ओळख मुळात बदलत नाही. मंदिर, काठ्या आणि वडील आल्यावर ओळख बदलली नाही असं म्हणणारा वकील आम्हाला तरी भेटलेला नाही. म्हणजे नवा अर्ज, नवी प्रतीक्षा. आणि जुनं चिन्ह सलग पाच वर्षं वापरलं नाही तर ज्याला त्याची अडचण होते असा कोणीही ते काढून टाका म्हणून अर्ज करू शकतो, तो नक्कलवालासुद्धा.

राहिला ‘मोठा करा’. तुमच्या आठ मागांवर अजून पुठ्ठ्याची कार्डं चालतात आणि प्रत्येक आडव्या धाग्याला एक कार्ड लागतं. तीन इंच उंचीच्या लोगोला दोन्ही थर धरून एकशे वीस कार्डं, आठ मागांवर नऊशे साठ. ती सगळी पंच होऊन ओवली गेली आहेत. पाच इंच केला की एका मागाला दोनशे, सगळे मिळून सोळाशे, आणि जुन्या नऊशे साठांची रद्दी. शिवाय प्रत्येक माग तेवढा वेळ बंद. हा खर्च आमच्या बिलात नाही, तो तुमच्या खात्यात आहे, म्हणून आम्ही फक्त आठवण करून देतो.

तरीही कुटुंबाचं मन मोडावं असं आम्हाला वाटत नाही. यात्रेसाठी कागदी पट्टा करू. घडी घातलेल्या चादरीभोवती गुंडाळायचा, छापील, चार रंगांत. त्यावर मंदिर, सातही काठ्या, वडील, सोनेरी छटा, सगळं मावेल आणि छपाईत शोभेलही. यात्रा संपली की पट्टा बंद. धोट्याला हात लावायचा नाही.

हे पटलं नाही तर एकच विनंती. एका मागावर दोन्ही लोगो विणून पाहू, एका कोपऱ्यात आमचा, दुसऱ्यात भाच्याचा. मग चादर उलटी करून दुकानाच्या फळीवर ठेवू आणि मेहुण्यांना दहा पावलांवरून चिन्ह ओळखायला सांगू. नमुन्याच्या कार्डांचा खर्च आगाऊ पाठवावा.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
डिझाईन स्टुडिओ, सोलापूर

ता. क. : भाच्याने पाठवलेली logo_final_final_mama.cdr ही फाईल उघडली. त्यातला मंदिराचा फोटो गूगलवरून घेतलेला आहे आणि त्यावर फोटोग्राफरचं नाव तसंच आहे. तेही विणायचं का, ते कळवावे.