चौदावा आठवडा, सन एकवीस

सन्माननीय सरचिटणीस साहेब,


आपला मेसेज आम्हा सर्व टॅक्सीवाल्या सभासदांना पोचला होता. "रविवारी सकाळी सात वाजता पूर्णा गावात टायर शिबिराला गाडीसह हजर राहावे. नवीन टायरांवर संघटनेमार्फत खास ८ टक्के सवलत. बसवणे व हवा मोफत. जुने टायर जागेवर जमा करावेत." खाली जोडलेले हात, हार, गुलाब. एवढी फुलं बघूनच सावध व्हायला हवं होतं, पण सवलत म्हटली की टॅक्सीवाल्याचं डोकं स्टँडवर राहतं आणि पाय आधी निघतात.

सवलतीबद्दल आपले आभार. आणि आपल्यापेक्षा जास्त आभार सरकारचे. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. करापूर्वी ४००० रुपयांचा टायर पूर्वी ५१२० ला पडायचा, आता ४७२० ला. चारशे रुपये उतरले, म्हणजे जवळपास आठ टक्के. आपल्या टायरवाल्याने जुना भाव फळ्यावर लिहिला, त्यातून तेच आठ टक्के खोडले आणि वर संघटनेचं नाव टाकलं. ठाण्यातला अनोळखी दुकानदारही, संघटनेचा सभासद नसलेल्याला, हीच सवलत देतो.

पण पैशाचं सोडा. तारखेचं बोलू.

टायरच्या बाजूला, रिमच्या जवळ, लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. माझ्या पुढच्या डाव्या टायरवर १४२१ आहे. म्हणजे २०२१ सालचा चौदावा आठवडा, एप्रिल महिना. हा माझा 'नवीन' टायर. उजव्यावर ०९२४. एका अ‍ॅक्सलवर तीन वर्षांचं अंतर! हे मला कळलं ते पंक्चरवाल्याने चाक उतरवल्यावर. कारण तारीख बहुतेक टायरांच्या एकाच बाजूला असते, आणि शिबिरातल्या पोरांनी माझ्या चारही टायरांची ती बाजू आत ठेवली होती. उभ्या गाडीत ती वाचायची तर खाली झोपून टॉर्च मारावा लागतो. चारही चाकांना हा योगायोग साधणं सोपं नाही. त्या पोरांचं कौतुक करा.

टायर न वापरता पडून राहिला म्हणून ताजा राहत नाही. हवेतल्या ऑक्सिजनने आणि उष्णतेने रबर आतून कडक होत जातं. सावलीत, थंड जागी नीट ठेवलेला वर्ष-दीड वर्षाचा टायर खुशाल घ्यावा, त्याला कोणी नाव ठेवणार नाही. पण आपल्याकडची पत्र्याची गोदामं एप्रिल-मे महिन्यात कशी तापतात ते मी आपल्याला सांगायला नको. तिथे चार-साडेचार उन्हाळे काढलेला टायर वरून काळा कुळकुळीत दिसतो, त्यावर पॉलिश मारलेलं असतं. अंगठ्याने बाजूची भिंत दाबून वाकवली की केसासारख्या भेगा उघडतात. नक्षी पूर्ण असते, पण ओल्या रस्त्यावर पकड कमी. कशेळी, काल्हेर, पूर्णा, अंजूरफाटा हा मेट्रोच्या कामाने उकरलेला रस्ता, त्यावर पाऊस, पुढे कंटेनर, मागच्या सीटवर कुणाची तरी लेकरं. तिथे ब्रेक दाबल्यावर एक चाक धरणार आणि दुसरं सरकणार. कोणाच्या बापाची सवलत आहे ही?

बिल मागितलं तर कोऱ्या चिठ्ठीवर रक्कम मिळाली. पक्कं बिल नसलं की वॉरंटीचा दावा करताना कंपन्या सहसा टायरवरचीच तारीख धरतात, म्हणजे माझी बरीचशी वॉरंटी गोदामातच संपली. बॅलन्सिंगचं मशीन नव्हतं. मानकोलीच्या पुढे नाशिक हायवेला वेग धरला की स्टिअरिंग थरथरतं. आणि मोफत जमा केलेले जुने टायर, ज्यांना बाजारात पैसे मिळतात, ते मंडपामागच्या टेम्पोतून कुठे गेले ते आपण वार्षिक सभेत सांगालच.

आपण दलाली खाल्ली असं मी म्हणत होतो. नाक्यावर, मोठ्याने, चारचौघांत. मग परवा आपली गाडी पंक्चरवाल्याकडे जॅकवर उभी दिसली, चाक बाहेर काढलेलं. मी वाकून वाचलं. आपल्याही टायरवर १४२१.

दादा, तुम्ही वर्गणीसाठी दारोदार फिरता, आरटीओत आमच्या फायली घेऊन उभे राहता, पोलिसाने गाडी उचलली की रात्री फोन तुम्हालाच येतो, आणि पगार शून्य. टायरवाल्याने तुम्हालाही आमच्याच रांगेत उभं केलं. तेव्हा आता एवढंच करा: पुढचा मेसेज फुलांशिवाय पाठवा. सगळ्यांनी चाकं उतरवून तारखांचे फोटो आणि त्या चिठ्ठ्या तुमच्याकडे द्यायच्या, आणि सोमवारी सगळ्या गाड्या टायरवाल्याच्या दुकानासमोर लावायच्या. पक्कं बिल किंवा टायर बदलून, दोन्हीपैकी एक मिळेपर्यंत तिथून हलायचं नाही. तुमची गाडी पहिली लावा.

आपला,
सभासद, वर्गणी भरलेला