आठवर वहिनी

आमच्या वहिनी राहायला बारामतीत, माहेर इंदापूरचं. माहेरी निघाल्या की स्टँडवर एक सेल्फी, भवानीनगरला उसाच्या गाड्यांमुळे एसटी अडकली की दुसरा, निमगाव केतकी आलं की तिसरा. पाऊण तास धुरळा खाऊनही तिन्हींत चेहरा असा, की आत्ताच साय काढून ठेवलीय. कॅमेऱ्यातली ब्यूटीची पट्टी त्यांनी कायमची आठवर ठेवली होती.

परवा शाळेच्या ग्रुपवर एकीनं जुना फोटो टाकला. 1993च्या दहावीचा इंदापुरात 2011 साली मेळावा झाला होता, तेव्हाचा. स्टुडिओवाल्यानं दहा-बारा फुटांवरून काढलेला. वहिनी म्हणाल्या, "भावजी, डावीकडून तिसरी ही कोण ओ? बया, अंगावर साडी मात्र माझ्यासारखीच!"

साडी त्यांचीच होती. आतली बाईही त्याच होत्या.

दुःख वेगळंच होतं. फोटोतल्या वहिनी 34 वर्षांच्या, आजच्या 48 वर्षांच्या. पण डीपीशेजारी धरलं तर 34 वाली मोठी जाऊ दिसत होती.

मी मोठा करून दाखवला, तर हनुवटीवर तीन हिरवे ठिपके. आजीनं जत्रेत गोंदवून घेतलेले. डीपीत त्यांचा पत्ताच नाही. वहिनींनी आरसा आणला. ठिपके जागेवर होते.

मग मी समजावलं. ही पट्टी आजूबाजूच्या कातडीपेक्षा वेगळा दिसणारा बारीक डाग शोधते आणि शेजारचा रंग त्यावर सारवते. डोळ्याची, ओठाची ठळक कड तेवढी सोडते. पुटकुळी कुठली आणि आजीचं गोंदण कुठलं, हे तिला कळत नाही.

"आणि नाक?" वहिनींनी विचारलं. जुन्या फोटोत ते चक्क बेतशीर होतं. त्याचं कारण अंतर. हातभरावरून सेल्फी काढला की नाक कॅमेऱ्याला गालांपेक्षा बरंच जवळ पडतं, म्हणून फुगतं. पाच फुटांवरच्या फोटोच्या मानानं एका फुटावर ते सुमारे 30 टक्के रुंद दिसतं. म्हणजे नाक बिघडवणारा हात वहिनींचाच, आणि ते बारीक करायलाही पट्टी त्यांचीच.

मग रात्री जेवणं झाल्यावर प्रयोग झाला. दादांना फोन देऊन पाच पावलांवर उभं केलं. आठवर तिन्ही ठिपके गायब. पाचवर एक उगवला, तोही पुसट. शून्यावर तिन्ही आले, पण सोबत डोळ्यांखालची काळी वर्तुळंही आली.

"आजीला एवढ्या लांबून कशाला बोलवायचं?" म्हणत वहिनींनी पट्टी पुन्हा सरकवली. सध्या त्या दोनवर आहेत. दोन ठिपके स्पष्ट, तिसरा अंधुक, आणि वर्तुळं निम्मी. आमच्या घरात यालाच तडजोड म्हणतात.