टॉर्च नीट धरा

नानांना गळती आवडते. बिघाड म्हणत नाही मी, फक्त गळती. पंखा घरघरत असेल, मिक्सर बंद पडला असेल, तर नाना दारातूनच "इलेक्ट्रिशियनला बोलवा" म्हणून परततात. पण कुणाकडे छत ओलं झालंय, नळाखाली थेंब पडतोय, असं कळलं की जेवणावरून उठतात. पाटबंधारे खात्यात उभी हयात धरणांच्या पाझराच्या नोंदी ठेवण्यात गेली. निवृत्त झाल्यावर धरण हातचं गेलं, तेव्हा त्यांनी सिंहगड रोडवरची आमची सोसायटी लाभक्षेत्रात घेतली.

या जातीच्या माणसाला दुरुस्तीपेक्षा कारणात जास्त रस असतो. त्याला मदतनीसही लागतो. हा मदतनीस काही करत नाही, टॉर्च धरतो आणि टॉर्च नीट धरत नाही म्हणून बोलणी खातो. आमच्या वॉशिंग मशीनच्या प्रकरणात तो मान मला मिळाला.

मशीन समोरून दार उघडणारं. धुणं लावलं की पुढे फरशीवर थाळीएवढं थारोळं साचायचं. कंपनीच्या माणसाने येऊन, न वाकता, "टब बदलावा लागेल" असं सांगितलं आणि टबाचा जो आकडा सांगितला तो ऐकून हिने त्याला चहासुद्धा विचारला नाही. संध्याकाळी नाना आले. बरोबर स्टीलची वाटी, जुनी वर्तमानपत्रं आणि एक वही.

मला वाटलं, पाणी दाराजवळ आहे म्हणजे हा माणूस दार बघेल. नाना दाराकडे गेलेच नाहीत. "पाणी जिथे दिसतं तिथून ते येतंच असं नाही," म्हणाले. त्यांनी आधी फरशी कोरडी पुसून घेतली, मशीन पुढे ओढायला लावलं आणि खाली चारही बाजूंना वर्तमानपत्र पसरलं. अग्रलेखाचं पान दाराखाली. मग कपड्यांशिवाय, नुसता साबण घालून मशीन सुरू केलं आणि स्टुलावर बसले, घड्याळ बघत.

त्यांचा हिशेब सोपा होता. पाणी भरतानाच कागद मागून भिजला, तर नळाच्या पाइपचा दोष. भरताना पुढून, वरून ओघळ आला, तर साबणाचा ड्रॉवर तुंबलाय. धुताना दाराच्या काचेखालून थेंब आले, तर रबर. आणि खालच्या कोपऱ्यात ओल आली, तर पंपाच्या फिल्टरचं झाकण सैल आहे. "या झाकणानं बरीच माणसं फसतात," नाना म्हणाले. "फिल्टर साफ करतात, झाकण आटे चुकवून तिरकं बसवतात, आणि रबर फाटलं म्हणून नवीन आणायला धावतात."

धुणं सुरू झालं आणि दाराखालचा अग्रलेख भिजू लागला. नानांनी वाटी लावली, थेंब जमवले आणि ते दोन बोटांत चोळून पाहिले. "बुळबुळीत. साबणाचं पाणी आहे." धरणाच्या पायथ्याशी नितळ पाणी झिरपलं तर अभियंता शांत झोपतो, गढूळ आलं तर रात्रभर जागतो, हे त्यांनी मला पूर्वीही ऐकवलं होतं. इथेही तोच न्याय. नळाच्या पाइपमधून गळणारं पाणी स्वच्छ असतं. साबणाचं आलं म्हणजे ते टबाच्या आतून आलंय. वहीत नोंद झाली. वेळ, जागा, रंग.

"प्लग काढा. नळ बंद करा. टॉर्च आणा."

माझी कारकीर्द इथे सुरू झाली.

दाराभोवतीचं ते राखाडी रबर, ज्याला मेकॅनिक गॅस्केट म्हणतात, ते नुसती कड नसतं. त्याचं एक तोंड टबाला बांधलेलं असतं, दुसरं मशीनच्या पुढच्या पत्र्याला, आणि मधे खोल घडी. टब आत हलतो, पत्रा हलत नाही. ते हलणं या घडीत जिरतं. नानांनी घडी दोन बोटांनी उलगडायला सुरुवात केली आणि आमच्या संसाराचं उत्खनन सुरू झालं. एक रुपयाचं नाणं, केसांचा आकडा, ब्लाउजचा हुक, मुलाचा बेपत्ता मोजा, आणि तळाशी काळा, वासट चिखल. ही लाजली. नाना म्हणाले, "गाळ साचणारच. धरणातही साचतो."

रबराचा ओठ काचेवर जिथे टेकतो तिथेही त्यांनी बोट फिरवलं. आमच्याकडे टँकरचं जड पाणी. काचेवर पांढरी खरखरीत पुटं. अशा पुटांमुळे किंवा ओठाला चिकटलेल्या एखाद्या केसामुळेही रबर धड असूनही पाणी गळतं. म्हणून त्यांनी आधी काच आणि ओठ ओल्या फडक्याने घासून पुन्हा कागद लावून पाहिला. पुन्हा भिजला.

एवढ्यात सोसायटीचे चेअरमन डोकावले. घडीच्या तळाशी असलेली बारीक भोकं टॉर्चच्या उजेडात त्यांना दिसली आणि ते विजयाने म्हणाले, "ही काय भोकं! एम-सील लावा, झालं काम." नाना ताठ उभे राहिले. "चेअरमनसाहेब, तो सांडवा आहे!" घडीत साचलेलं पाणी परत टबात जावं म्हणून कारखान्यानेच ती भोकं ठेवलेली असतात. ती बुजवली की पाणी तिथेच कुजतं आणि पुढच्या वेळी दार उघडताच पायावर येतं. नीट गोल, सारख्या कडेचं भोक म्हणजे सोय. वेडीवाकडी चीर म्हणजे दोष. चेअरमन गेले. सोसायटीच्या टाकीची गळती निघाली की ते आता नानांकडे बघत नाहीत.

चीर शेवटी सापडली. घड्याळात सात वाजतात तिथे, घडीच्या आतल्या भिंतीत, नखाएवढी. रबर सैल असताना मिटलेली, ताणलं की ओठ उघडायची. खालच्या अंगाला असल्यामुळे धुण्याच्या पाण्यात बुडत होती. हीच चीर वरच्या बाजूला असती तर कदाचित वर्षभर कुणाला पत्ता लागला नसता. नाना तिच्याकडे बघत इतका वेळ बसले की माझा हात भरून आला. "टॉर्च हलवू नका!"

मी सायकलच्या पंक्चरचा तुकडा चिकटवायचं सुचवलं. नाना रागावले नाहीत, त्यांना माझी कीव आली. ट्यूबचं ठिगळ टिकतं कारण आतली हवा त्याला टायरवर दाबून धरते. इथे मागे आधार काही नाही, घडी सतत वाकणार, वरून गरम पाणी आणि साबण. चार धुण्यांत सुटेल. रबर फिरवून चीर वर न्यायची युक्तीही काही जण करतात. पण मग ती निचऱ्याची भोकंही वर जातात, म्हणजे एक गळती थांबवून दुसरं डबकं केलं. नवीनच आणायचं ठरलं. पण त्याआधी त्यांनी कापसाचा बोळा ड्रमच्या कडेवरून पूर्ण फिरवला. कुठे तंतू अडकला तर कडेला धार आहे, आणि ती नवीन रबरही कापणार. अडकला नाही. मग ड्रम हाताने वर-खाली हलवून पाहिला. बेअरिंग सैल असेल तर ड्रम डगमगतो, रबराला घासतो, आणि गॅस्केटवरचा खर्च वाया जातो. तेही ठीक निघालं. दोषी हुक किंवा नाणं, असा निकाल वहीत लागला.

तपकीर गल्लीतल्या दुकानदाराने "सगळ्या मशीनला बसतं" म्हणत एक रबर पुढे केलं. नानांनी दाराच्या आतल्या कडेवरच्या स्टिकरचा मॉडेल नंबर कागदावर उतरवून नेला होता. पूर्ण नंबर, मागची अक्षरं आणि आकडे धरून, कारण त्यांच्या फरकाने रबर बदलतं. दुकानदाराने तीन डबे उघडले, तिसऱ्यात आमचं निघालं.

बसवण्याचा रविवार. बाहेरच्या ओठावर तारेचं कडं असतं, त्याला खाली एक स्प्रिंग. चपट्या स्क्रूड्रायव्हरने ती उचलली की कडं सुटतं आणि रबर पत्र्यावरून सोलता येतं. हे काम पाच मिनिटांचं. दुसरं कडं आत, टबाच्या गळ्यात. त्यासाठी आमच्या मशीनचं वरचं झाकण, ड्रॉवर, बटणांची पट्टी, खालची पट्टी आणि दाराचं लॉक सोडवून पुढचा सबंध पत्रा काढावा लागला. प्रत्येक पायरीला नानांनी माझ्याकडून फोटो काढवून घेतला, स्क्रू मशीनच्या चित्रावर त्यांच्या त्यांच्या जागी चिकटपट्टीने लावले. लॉकची वायर ओढून नव्हे, क्लिप दाबून सोडवायची, हे मला दोनदा सांगितलं. मी एकदाही हात लावला नव्हता.

जुनं रबर निघाल्यावर टबाच्या ओठावरचा साबणाचा थर त्यांनी जुन्या टूथब्रशने खरवडला. तो राहिला तर नवीन रबरही तिथून झिरपतं. रबर चढेना म्हणून ही खोबरेल तेल घेऊन आली. नानांनी हात जोडले. तेलाने रबर फुगतं आणि सैल पडतं. पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब, बस. रबरावर एक त्रिकोणी खूण असते, ती टबाच्या वरच्या खुणेशी जुळवायची. म्हणजे भोकं आपोआप तळाशी येतात. नानांनी ती जुळवली, लांब जाऊन पाहिली, जवळ येऊन पाहिली, मग म्हणाले, "आता कडं."

ते आतलं कडं उजवीकडे बसवलं की डावीकडून उडायचं. डावीकडे बसवलं की वरून. नानांचा चष्मा घसरला, धरणांच्या कंत्राटदारांसाठी राखलेले शब्द बाहेर आले. शेवटी हिने दोरीवरचे कपड्यांचे चिमटे आणले. जिथे बसलंय तिथे चिमटा लावत, वरून दोन्ही बाजूंनी खाली येत, सगळ्यात शेवटी स्प्रिंग ताणली, आणि कडं खट्‌कन खोबणीत गेलं. वहीत मात्र चिमट्यांचा उल्लेख "स्थानिक साहित्य" असा आहे. पत्रा लावला, बाहेरचा ओठ चढवला, बाहेरचं कडं लावलं, बोट फिरवून कुठे दुमडलं नाही ना ते पाहिलं.

मग कपडे न घालता नुसतं खळबळायचं चक्र, खाली अग्रलेख. पाणी भरलं, फिरलं, गेलं, जोरात पिळलं. अग्रलेख कोरडा. नानांनी कागद उचलून उजेडात धरला, उलटा करून पाहिला. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं, पण पूर्ण नव्हतं. थोडी नोंद करता आली असती तर बरं झालं असतं.

जाताना हिला एवढंच सांगितलं, की धुणं काढल्यावर घडीतलं पाणी फडक्याने पुसायचं, दार उघडं ठेवायचं आणि कपडे टाकण्याआधी खिसे उलटे करायचे. तुम्हीही करा. नाहीच जमलं, तर नानांचा नंबर माझ्याकडे आहे. मात्र त्या दिवशी दुसरं काम ठेवू नका, आणि टब बदलायचा का, असं त्यांच्यासमोर चुकूनही म्हणू नका.